मेघालीची पहिली शाळा

विनिता नऊ वर्षं भिवंडीतल्या एका शाळेत नर्सरीला शिकवत होती. वर्गात चाळीस मुलं. गाणी सगळ्यांनी एकदम म्हणायची, रेघाही एकदमच गिरवायच्या. तिची तीन वर्षांची मेघाली त्याच शाळेत जाणार, हे दापोड्याच्या घरात ठरलेलंच होतं.

एका शनिवारी मैत्रिणीच्या आग्रहाने ती लेकीला घेऊन मॉन्टेसरी शाळा बघायला गेली. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र, आपापल्या कामात होती. मेघालीने छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि निम्मं सांडलं. विनिता पुसायला उठली.

"बसा, तिला करू द्या," तिथल्या ताई हळूच म्हणाल्या.

मेघालीने फडक्याने पुसलं, पुन्हा ओतलं. सहाव्या वेळी थेंबही सांडला नाही. वीस मिनिटं गेली होती. विनिताने आपल्या वर्गात एका मुलाला इतका वेळ कधी दिला नव्हता, देणंही शक्य नव्हतं.

"बाईचीच पोर दुसऱ्या शालंत?" विनिताने घरी मेघालीला मॉन्टेसरीत घालायचं सांगितल्यावर सासूबाई जानकीबाई म्हणाल्या. "तिथं लिवायला तरी लावतात का?"

"आधी हात तयार करतात, आई. मग लिहिणं."

जूनमध्ये मेघाली तिथे जाऊ लागली. पहिले आठ दिवस ती रडली. विनिता तिला सोडून आपल्या शाळेत जायची, चाळीस जणांना रांगेत उभं करायची आणि गाणं सुरू करायची.