चार फुटांचा हम्माम

मस्कतच्या एका इस्पितळात मी सोळा वर्षं नर्स होते, हे चंद्रपुरात परतल्यावर कोणाला सांगायलाच नको होतं. तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक अरबी कागद माझ्या दारात येतो. व्हिसा येतो, औषधाची पट्टी येते, एकदा तर खजुराच्या डब्यावर काय लिहिलंय ते विचारायला दोघं जण स्कूटरवरून आले. पण घराचा नकाशा आजवर कोणी आणला नव्हता.

नकाशा आणला तो समोरच्या घरात लेकीकडे उतरलेल्या मावशींनी. त्यांचा थोरला मुलगा मस्कतला क्रेन चालवायचा. वर्षभरापूर्वी तो उंचावरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. आता तो कायमचा परत येणार होता. गडचिरोलीकडच्या गावातल्या घराला चार पायऱ्या आणि संडास अंगणात, म्हणून घरच्यांनी चंद्रपुरात मूल रोडवर तळमजल्यावरचा फ्लॅट बघितला होता. मुलाची अट एकच होती. संडासात मी माझा जाईन, मला कोणी उचलायचं नाही. तेवढं जमत नसेल तर मी इथंच राहतो.

त्याचा अरबाब, म्हणजे तिकडचा मालक, म्हातारा आणि दिलदार माणूस. चाकाची खुर्ची तो घेऊन देणार होता, पण घर बघून, मापाची. त्याला अरबीशिवाय काही वाचता येत नाही आणि फूट कळत नाहीत, मीटर लागतात.

"तुमी लिवून द्या ना सिस्टरबाई," मावशी म्हणाल्या. "दोन मिन्टाचं काम हाय."

दोन मिनिटांचं! लोकांना वाटतं, भाषा येते म्हणजे नळ आहे, सोडला की वाहायला लागतो.

मावशींच्या मोबाइलवर होता तो बिल्डरच्या ब्रोशरमधल्या नकाशाचा फोटो. धाकट्या मुलाने गावातल्या घरी, पलंगावर ब्रोशर उघडं ठेवून, उभ्या उभ्या तिरका काढलेला. वर ट्यूबलाइटची तिरीप, मध्ये घडीची रेघ, एका कोपऱ्यात त्याचा अंगठा. शिवाय चार कोपऱ्यांना आणि आत एके ठिकाणी कुंकवाची बोटं उठवलेली. घराचा कागद घरात आला की आधी देवापुढे, हे मलाही मान्य आहे. पण फोटो काढून झाल्यावर कुंकू लावलं असतं तर देव रागावला असता का?

"दुसरा फोटो मागवा," मी म्हटलं.

दुसरा आला तो पहिल्याहून धूसर. तिसऱ्यात अंगठा गेला आणि मांजराची शेपूट आली. मी कपाळावर हात मारला आणि पहिलाच फोटो घेऊन बसले.

खोल्यांना एक, दोन, तीन असे आकडे दिले आणि शेजारी तक्ता करायला घेतला. बैठक म्हणजे साला, झोपायची खोली म्हणजे गुर्फत नौम, सैपाकघर म्हणजे मतबख. इथवर ठीक. ड्राय बाल्कनीला अरबीत काय म्हणायचं? शेवटी 'कपडे धुण्याची बाल्कनी' असं लिहून मोकळी झाले. मग मापं. दहा फूट बाय बारा फूट म्हणजे ३.०५ बाय ३.६६ मीटर. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. मावशी खांद्यावरून वाकून बघत होत्या. "सगळीकडे शून्यच लिवून राह्यल्या तुमी," त्या म्हणाल्या. मी पेन खाली ठेवलं, दहा आकडे मोजले आणि परत उचललं.

क्षेत्रफळाचा वेगळाच घोळ. वर ठळक अक्षरांत ७९० चौरस फूट, खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कार्पेट ५९०. मावशींना ठळकच पाहिजे होतं.

"मोठा आकडा लिवा. अरबाबले वाटाले नको का आमी त्याच्या मानसाले खुराड्यात ठेवून राह्यलो."

"मावशी, त्या मोठ्या आकड्यात जिना आहे, लिफ्ट आहे, पोर्च आहे. तुमचा मुलगा काय जिन्यात झोपणार आहे?"

मी दोन्ही आकडे लिहिले. ७३.३९ चौरस मीटर विक्रीचं आणि ५४.८१ प्रत्यक्ष वापरायचं. मावशी रुसल्या, रुसू दिलं.

कागद टाइप करायला नेला तर दुकानदार म्हणतो, अरबी उजवीकडून वाचतात ना, मग चित्रच उलटं करून टाकू. एक बटण दाबून त्याने सैपाकघर पश्चिमेचं पूर्वेला नेलंसुद्धा! मी त्याला म्हटलं, अक्षरं उजवीकडून वाचतात, भिंती नाही. त्याने तोंड वाकडं करून चित्र पुन्हा सुलटं केलं.

राहिला एकच आकडा. हम्मामची, म्हणजे संडास-बाथरूमची, लांबी सात फूट स्पष्ट होती, रुंदीवर मात्र कुंकू. अशा जागी 'वाचता येत नाही' असं लिहायचं असतं आणि मी ते लिहिणारही होते. पण इथे सगळं त्या रुंदीवरच अडलेलं. मी पुन्हा फोटो मोठा करून पाहिला. चार कोपऱ्यांना चार बोटं, पाचवं नेमकं या संडासाच्या रुंदीवर. आणि माझं डोकं सणकलं.

"मावशी, संडासाले कुंकू कोन लावते?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"किती फूट आहे?"

"चार," त्या हळूच म्हणाल्या. "खुर्ची आत जाते, पर फिरत नाई. मी दोरीनं मोजून पाह्यलं. त्याले समजलं तं तो येनार नाई, बाई. एकदा घरी येऊ द्या, मंग मी हाओ ना."

मी खूप चिडले. कुंकवाआड आकडा लपवून पोराला फसवता, म्हटलं. रुंद समजून अरबाबने रुंद खुर्ची पाठवली तर ती दारातच अडकेल, मग काय कराल? त्या रडायला लागल्या तसा मला माझाच राग आला. सोळा वर्षं मी वॉर्डात मोठ्या माणसांना अंथरुणातच संडासाचं भांडं दिलंय. त्या वेळी ती भिंतीकडे बघत असायची, एकही माझ्याकडे बघत नसे. ते मावशींना कसं सांगणार?

"सांगा, काय लिहू?" मी शेवटी विचारलं.

"लिवा चार," त्या म्हणाल्या. "अन् नाई आला तं?"

मी १.२२ लिहिलं आणि कागद पाठवून दिला.

दोन दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन घेऊन आल्या. मुलाचा आवाजी निरोप होता आणि एकटीने ऐकायची हिंमत होत नव्हती. मी बटण दाबलं.

"आई, अरबाब इचारत होता, आत फिरशील कसा. मी म्हनलं, फिरतच नाई. उलटा आत जाईन अन् सरळ भायेर येईन. बारकी खुर्ची पाठवून राह्यला तो. बिल्डरले सांगजो, दार भायेर उघडाले पाहिजे. मी येतो. फक्त तू दारापाशी उभी राहू नको."

मावशींनी तो निरोप तीनदा ऐकला. मग नकाशा पुढे ओढला आणि सैपाकघरावर बोट ठेवलं.

"इथी बसीन मी, ओट्यापाशी. इथून त्याच्या संडासाची भित किती दूर हाय?"

"तीन मीटर."

"फुटात सांगा."

"दहा."

"मंग पडला तं आयकू येते," त्या म्हणाल्या.