मळी न आलेला पाक

आमचे हे, म्हणजे रुपराव, इतवारीतले हलवाई. हलवाई म्हटलं की लोकाइले सुटलेलं पोट आठवते. आमचा माणूस वाळल्या काडीचा. लाडू वळायचे, पण तोंडात टाकायचे नाहीत. चव बघायची असली की मले हाक मारायचे, "भागीरथा, ये वं, सांग कसं झालं." मी म्हणायची, तुमची जीभ काय गहाण पडली का? तं हसायचे. रागावणं त्याइले जमतच नव्हतं. रागाचं सगळं खातं माझ्याकडं.

आमच्या गल्लीत जैनांची घरं लय. सैतवाळ लोक, पिढ्यान्पिढ्या नागपूरचे, बोलणं आपल्यासारखंच, पण खाण्यापिण्याचे नियम असे की माणसाचं डोकं चक्रावते. बाजारातली मिठाई त्याइच्या कडक माणसाइले चालत नाही. मंग हे त्याइच्या घरी जायचे. विहिरीवर आंघोळ, ओलं धोतर, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं, सरपणसुद्धा झटकून घ्यायचं, एखादी मुंगी राहिली असंन म्हणून. अंगणात चूल मांडून तिथंच कढई चढवायची.

अन् विचारणं तं विचारूच नका! तुपात काय, रंगात काय, केशरात काय. दुसरा हलवाई वैतागला असता. हे मात्र स्वतः जाऊन पाहून यायचे. लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा वर्ख आणायले गेले अन् कारखान्यात आत डोकावले. चांदीचे तुकडे बैलाच्या आतड्याच्या पातळ कातड्यात एकावर एक ठेवून हातोड्यानं कुटून राहिले होते. घरी आले ते जेवलेच नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बर्फीवरचा वर्ख बंद. गिऱ्हाइकं म्हणाली, रुपरावची बर्फी विधवेसारखी दिसते. मी भांडली, अहो, चांदी खाते कोण, दिसायलेच तं असते! तं म्हणाले, "मले माहीत झालं न वं आता. माहीत झाल्यावर कसं लावू?" पुढं डालड्यात गाईची चरबी निघाल्याचा बोभाटा झाला, तवा सारं शहर धास्तावलं. आमच्या दुकानात डालड्याचा डबा कधी चढलाच नव्हता. तवापासून लोक म्हणायले लागले, रुपराव बोलला म्हणजे झालं.

सगळ्यात जास्त विश्वास पुष्पलताबाईंचा. किराणा बाजारातल्या मोठ्या घरच्या, पण राहणी साधी. भादव्यात दशलक्षणाचे दहाही दिवस त्या निव्वळ उकळलेल्या पाण्यावर काढायच्या. उपास सुटतो त्याले ते पारणं म्हणतात. त्याइच्या घरची रीत अशी की पारण्याच्या सकाळी लाडवांसाठी जो पाक होईल, त्यातला पहिला चमचा कोमट पाण्यात घालून बाईंले द्यायचा. मंग मुगाचं पाणी, अन् मंग बाकी दुनियेनं लाडू खायचे. पहिला चमचा आमच्या ह्यांच्याच हातचा. बाई विचारायच्या, "रुपरावजी, घेऊ ना?" हे म्हणायचे, "घ्या बाई." एवढंच.

ते पंच्याऐंशी साल. मिलची साखर बाजारातून जशी काही पळून गेली होती. सरकारनं परदेशातून जहाजं भरून साखर मागवली. हे वाडीच्या गोदामात जाऊन तिचं एक पोतं घेऊन आले. मी मूठभर हातात घेतली तं बाप्पा! बारीक, पांढरीशुभ्र, एकसारखी. आमची साखर तिच्यापुढं मळकट वाटावी.

पारण्याच्या सकाळी मीही बाईंच्या अंगणात होती, बेसन चाळायले. पाक उकळला. अशा वेळी हे त्यात दुधाचा शिडकावा मारतात. त्यानं साखरेतला मळ फेस होऊन वर येते, ती मळी झाऱ्यानं काढायची. झारा त्याइच्या उस्तादाचा, पितळी, दांडी झिजून बारीक झालेली. त्या दिवशी दूध टाकलं, अन् मळीच नाही! पाक आरशासारखा. हे बाईंकडं वळून लेकरासारखे हसले. "बघा बाई, मळीच नाही. साखर कशी पाहिजे, तं अशी." बाईंनी पहिला चमचा घेतला.

त्याच दिवशी बाईंचा धाकटा भाऊ मधुसूदन आलेला. पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. भला माणूस, पण तोंडाले कुलूप नाही. कढईत डोकावून कौतुकानं म्हणाला, "ही तर रिफायनरीची साखर. आमच्या मिलमध्ये उसाचा रस चुना अन् गंधकाच्या धुरानं साफ करतात, म्हणून थोडा मळ राहतोच. तिकडे परदेशात कच्ची साखर वितळवून कोळशातून गाळतात."

बाई मुगाचं पाणी घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोळसा कशाचा?"

तवा त्याच्या ध्यानात आलं. चेहरा उतरला. "ताई, सगळीकडे नाही. काही ठिकाणी लाकडाचा, दगडी कोळशाचा, काही ठिकाणी वेगळीच रसायनं..."

"अन् काही ठिकाणी?"

"हाडांचा," तो म्हणाला. "गुरांची हाडं जाळून केलेला. पण ताई, हाड साखरेत येत नाही, साखर फक्त त्यातून गाळून जाते. अन् ही कुठल्या रिफायनरीची, ते दाणा पाहून कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही."

बाईंनी मुगाची वाटी खाली ठेवली. उठून चूळ भरली. शांतपणे म्हणाल्या, "तोंडात गेलं ते गेलं. प्रायश्चित्त घेते. आणखी तीन उपास. अन् आता पाणीही नाही."

आमच्या ह्यांच्या हातातून झारा पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा मुलगा कृष्णकांत आमच्या दारात. दाढी वाढलेली, डोळे लाल. डॉक्टर येऊन गेला होता. नाडी लागत नव्हती, लघवी बंद होत आली होती. सलाईन लावू देत नाहीत. डॉक्टरनं ताकदीची कॅप्सूल दिली तं म्हणाल्या, हे वरचं टरफल कशाचं? अन् परत केली. ते जिलेटिनचं, कातड्या-हाडांपासूनच होते. महाराजांले बोलवलं, त्याइनंही सांगतलं की नकळत झालं, त्याचं एवढं प्रायश्चित्त नाही. ऐकत नाहीत.

"रुपरावकाका," कृष्णकांतनं ह्यांचे पायच धरले. "डॉक्टर म्हणतो, उद्याचा दिवस निघणार नाही. आई फक्त तुमचं ऐकेल. एवढंच सांगा की तिचा चमचा वेगळ्या पाकाचा होता, मिलच्या जुन्या साखरेचा. माझी आई मरून राहिली हो काका!"

हे भिंतीले टेकून बसले. "मी कसं सांगू गा? एकच पाक होता."

मी तं भडकलीच. "काहून नाही सांगत? तुमच्या एका शब्दानं बाई उठते, अन् तुम्ही तो शब्द उराशी धरून बसता? हाडाचा कोळसा होता का नव्हता, हे तुमच्या देवालेही माहीत नाही! जीव मोठा का तुमची जीभ मोठी?" आणखी काय काय बोलली. रडत होती, बोलत होती.

हे उठले, खुंटीवरचा सदरा घातला.

बाई खाटेवर. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. मधुसूदन कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला. हे उंबऱ्यातच बसले. मी मागून कोपर मारलं.

"बाई," हे म्हणाले, "तुमचा पाक वेगळा होता. घरी मिलची जुनी साखर राहिली होती थोडी. तिचा केला होता."

बाईंनी डोळे उघडले. "मंग मळी काहून नाही आली रुपरावजी? मी पाहत होती."

याचं उत्तर आम्ही ठरवलंच नव्हतं!

"तुम्ही पाहिला तो लाडवांचा पाक. तुमचा तुम्ही देवळातून यायच्या आधीच केला, मळी तवाच काढली," हे म्हणाले.

बाई म्हणाल्या, "झारा आणा."

झारा अजून त्याच अंगणात पडलेला. कृष्णकांतनं आणून दिला. बाई म्हणाल्या, "हा हातात धरून सांगा."

ह्यांनी झारा धरला. "मिलची होती बाई," हे म्हणाले.

बाईंनी सुस्कारा टाकला. "घेऊ ना?"

"घ्या बाई."

कृष्णकांतनं आईच्या तोंडाले मुगाचं पाणी लावलं. त्या एक एक घोट प्याल्या. सारं घर रडायले लागलं, मीही. बाई जगल्या. अजूनही आहेत, देवळात जातात.

हे मात्र घरी आले अन् झारा खुंटीले टांगला. तो परत उतरवला नाही. भट्टी थंड पडली. मी शेव-चिवडा विकून घर चालवलं. दर भादव्यात बाईंचं बोलावणं यायचं, हे आजारी असल्याचं सांगून पाठवायचे. चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायचे. मी चिडायची, आदळआपट करायची. म्हणायची, अहो, एक माणूस वाचवला तुम्ही! पुण्य केलं! तं म्हणायचे, "हो वं. वाचल्या खऱ्या."

तीन वर्षांनी ते अंथरुणाले खिळले. शेवटी अन्न जाईना. एका सकाळी डॉक्टर म्हणाला, घोटभर साखरपाणी सोडा तोंडात, तेवढीच धुगधुगी राहील. मी पळत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी आणली. वाटीत विरघळवली. चमचा त्याइच्या ओठाले लावला.

ओठ मिटलेलेच. मंग हळूच आवाज आला, "कोणती साखर वं?"

मले काय माहीत कोणती! दुकानदाराले तरी काय माहीत? एकच शब्द बोलायचा होता, मिलची. हाच शब्द बोलायले मी त्याइले कोपर मारलं होतं. मी तोंड उघडलं. समोर खुंटीवर तो झारा. ते माझ्याकडं पाहत होते, जशा बाई त्याइच्याकडं पाहत होत्या.

"मले माहीत नाही जी," मी म्हणाली.

त्याइनं मान फिरवली. मी वाटी बाजूले सारली, माठातलं पाणी घेतलं, गाळलं, चमच्यानं दिलं. तेवढं मात्र प्याले.