रेवजीचा रिकामा मैल

रिकामी लॉरी नाचते, भरलेली बसते. हे रेवजीकडून शिकलो. रनाळ्याचा रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ; रिकामी गाडी तिथून गेली की फळ्या, साखळ्या, डबे सगळे भांडायला उठतात. रेवजी अंगणात बाजेवर पडल्या पडल्या सांगायचा, "ही भरेल शे. ही रिकामी शे." त्याच कानानं त्याला एक दिवस विश्वासघात ऐकू आला.

रेवजी मूळचा गाडीवान. रनाळे ते नंदुरबार, कापूस आणि मिरची वाहत वीस वर्षं बैलांच्या शेपट्या पिळल्या. नंदुरबारच्या रस्त्यावर लॉऱ्या दिसू लागल्या तसा हा अस्वस्थ. सदतीस साली त्यानं दोन्ही बैलजोड्या विकल्या, बाकीची रक्कम धुळ्याच्या एका पेढीकडून हप्त्यानं घेतली आणि जुनी लॉरी आणली. कमलबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लॉरीला ओवाळलं आणि म्हणाली, "बैल तरी चारा खाई समोर दिसत. हाई काय खास ते कसं समजी?"

लॉरी काय आणि किती खाते, हे बाईनं बरोब्बर विचारलं होतं. उत्तर काढायला आम्ही बसलो.

मी शाळेत चौथीपर्यंतसुद्धा गेलेलो नाही. हमालांच्या काट्यावर आणि तुरुंगात शिकलो, आणि त्याची मला लाज नाही, माज आहे. चार लॉरीमालकांची मंडळी मी बांधली होती, कारण नंदुरबारच्या सरकी काढायच्या जिनचा मालक जेठमल एकेकाला वेगळा गाठून भाडं पाडायचा. त्याला एक आकडा एकजुटीनं सांगायचा, तर आधी तो आकडा आपल्याला ठाऊक हवा. माझ्या शेजारी शांतीलाल होता. तापीकाठचा गुजर, इंग्रजी तीन इयत्ता, स्वतःची एक लॉरी, जीभ साखरेची. मंडळीचा बोलका माणूस तोच.

मी म्हणालो, "खर्च दोन जातींचा. एक उभा खर्च, लॉरी दारात उभी असली तरी चालूच. एक चालता खर्च, चाक फिरलं की."

उभ्या खर्चात ड्रायव्हरचा पगार, क्लीनर, कर, विमा, कर्जाचं व्याज, छपराचं भाडं आणि लॉरीची झीज. पगारावर रेवजी अडला.

"मी मालक शे. माले पगार कसाना?"

"उद्या तुला ताप आला तर लॉरी कोण चालवील? तुझी सासू?"

शांतीलाल हसला, "सासू चालवी ते टायर तरी वाचतीन. ती कोनलेच घाई करू देस नही."

पगार धरला. महिन्याचा उभा खर्च दीडशे रुपये निघाला. रोज दोन खेपा, जाऊन-येऊन चोवीस मैलांची एक खेप, पंचवीस दिवस: बाराशे मैल. म्हणजे मैलाला दोन आणे. चालता खर्च, पेट्रोल दोन आणे आणि तेल, टायर, दुरुस्ती मिळून एक आणा. एकूण पाच. कमी मैल धावलात तर तोच उभा खर्च थोड्या मैलांवर पडून आकडा चढणार, हेही मी बजावलं. एक आणा नफा धरून ठरलं, मैलाला सहा आणे. त्याखाली कुणीही जायचं नाही. शांतीलालनं सगळ्यांत आधी देवाची शपथ घेतली.

मग मी तळोद्याकडच्या कामाला गेलो, आणि जेठमलशी बोलायला शांतीलाल गेला. बाकीचे तिघे जिनच्या फाटकाबाहेर थांबले. तो बाहेर आला, सहा बोटं वर. पेढे वाटले.

कोणता मैल, हे कुणी विचारलं नाही. विचारावंसं वाटेल तरी कसं? गाडीवानांच्या बोलीत मैल एकच, भरती मैल. माल घेऊन गेलेला. परतीला बैल ओढ्याकाठी चरत येतात, गाडीवान झोपतो, त्याचं भाडं कोणी मागत नाही. रेवजीनं वीस वर्षं असंच मोजलं होतं. पंधरवड्याला जेठमलनं बारा मैलांचे सहा आण्यांप्रमाणे साडेचार रुपये खेपेला दिले, आणि रेवजीनं सवयीनं बाराच मोजून घेतले. आम्ही आकडा काढला होता चाक फिरलेल्या चोवीस मैलांचा! खेपेला खर्च साडेसात, हाती साडेचार.

आणि तोटाही लगेच दिसेना. चोवीस मैलांचा चालता खर्च बरोबर साडेचार रुपयेच. पेट्रोल भागत होतं, टायर भागत होते, लॉरी धावत होती. नुसता उभा खर्च अंगावर साचत होता. क्लीनरचे पैसे थकले, पेढीचे दोन हप्ते चुकले. "मी दिनरात पळी ऱ्हायनू, आन् हात रिकामाच," रेवजी बायकोला सांगायचा. कमलबाई म्हणायची, "मंग कमी पळा."

एका संध्याकाळी त्याची लॉरी रस्त्यात तापली. पाणी भरायला तो थांबला, तेवढ्यात नंदुरबारकडून शांतीलालची लॉरी रनाळ्याकडे गेली. परतीची. रिकामी असायला हवी होती. पण नाचली नाही. बसून गेली. मागून रॉकेलचा वास आला.

दुसऱ्या दिवशी रेवजी त्याच्यामागून जेठमलच्या वखारीत गेला. शांतीलालच्या लॉरीत मीठ आणि रॉकेलचे डबे चढत होते, जेठमलच्याच रनाळ्याच्या दुकानासाठी. त्याला जातानाचे साडेचार आणि येतानाचे साडेचार. चोवीसही मैल भरती! त्याचे सहा आणे खरेच सहा होते. आम्हा सगळ्यांच्या नावानं भाव ठरवून परतीचा माल त्यानं एकट्यासाठी पदरात पाडला होता.

मी परतलो तेव्हा रेवजीनं मला हे सांगितलं. त्याला घेऊन थेट वखारीत गेलो; शांतीलाल तिथंच माल चढवून घेत होता.

जेठमल गादीवरून हलला नाही. मला म्हणाला, "बापू, गुस्सा कशाला? पुऱ्या मुलखाची रीत आहे. मैल म्हणजे भरती मैल. रेवजीभाऊ, बोला, बैलगाडीला मी कधी परतीचं दिलं?"

रेवजीनं कधी मागितलंही नव्हतं.

मी शांतीलालकडे वळलो. "आकडा आपण चोवीसवर काढला होता. तू शेजारी बसला होतास, हरामखोरा."

"मी सहा सांगं, सहाच आनं," तो म्हणाला. "खोटं काय बोलनू? रेवजी, तू माले इचारं का कोनता मैल?"

"तुले इचारानं?" रेवजी म्हणाला. "तू मन्हा ताटमा जेवना, शांत्या."

एवढंच. मी त्याची कॉलर धरली, हमालांनी सोडवलं. मी उरलेल्या दोघा मालकांना म्हटलं, लॉऱ्या उभ्या करा, जाऊन-येऊनचं भाडं घेतल्याशिवाय हलायचं नाही. तीन दिवस उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी त्या दोघांना शांतीलालनं आठवड्याला एक-एक परतीची खेप देऊ केली आणि दोघंही माझी नजर चुकवून कामाला लागले. उभ्या लॉरीचाही खर्च असतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. रेवजी एकटा उरला. त्याला काही देऊ केलं नाही. दिलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं.

होळीनंतर पेढीचा माणूस लॉरी जप्त करायला आला. त्याला गाडी चालवता येत नव्हती. "धुळ्यापर्यंत तूच घेऊन चल," तो म्हणाला आणि पेट्रोलचे पैसे पुढे केले.

रेवजीनं मोजले. "हे एकबाजूना पैसा शेत."

"मग? परत थोडीच आणायची आहे?"

रेवजी लॉरीत चढला. कमलबाई दारातून हलली नाही. वळणापलीकडून कितीतरी वेळ साखळ्या आणि फळ्या आपटताना ऐकू येत होत्या.