भोंग्याने आवाज आवरला

आमच्या मोठ्या जाऊबाईंना शाळेत सगळे ‘भोंगा’ म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. आवाज खणखणीत आहे हे खरंच. सासूबाईंना कमी ऐकू येतं, तर घरात फक्त ताईंचंच बोलणं त्यांना कानातलं मशीन न लावता कळतं. मी त्याच शाळेत शेजारच्या वर्गाला शिकवते. मधे नुसती प्लायवूडची भिंत. माझ्या मुलांना एकाच फीमध्ये दोन बाई मिळतात, असं मी म्हणते आणि ताई डोळे वटारतात.

नेमकी अशा बाईंच्या बालवर्गात ती मुलगी आली. पाच वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडातून चकार शब्द नाही. हजेरीला नाव घेतलं की अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, नजर एका जागी थिजायची. शू लागली तरी सांगायची नाही. दोनदा चड्डी ओली झाली. शिक्षकांच्या खोलीत तर मतांचा पाऊस. कुणी म्हणे लाजाळू, कुणी म्हणे हट्टी, कुणी म्हणे घरी मारत असतील. मला अशा घाऊक निदानांचा मनापासून संताप येतो. ज्यांना स्वतःच्या चष्म्याचा नंबर धड सांगता येत नाही, ते दुसऱ्याच्या लेकराचं मन वाचतात!

ताई मात्र महिनाभर बघत राहिल्या. नवी शाळा म्हटल्यावर सुरुवातीला कुठलंही मूल गप्प बसतं, त्याचं काही नाही. पण महिना उलटला, वर्गातली रडकी मुलंही कलकलायला लागली, आणि ही तशीच. मग त्यांनी आईला बोलावलं. आई शिवणकाम करणारी, घरातच मशीन. “शाळेत बोलत नाही?” ती चकितच झाली. “अहो बाई, घरी आम्ही तिला खारूताई म्हणतो. तोंड म्हणून मिटत नाही!” आणि तिने फोनवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात पोरगी वडिलांना दरडावत होती, “बाबा, वायरींवरून उठा, माझं दुकान आहे ते!” वडील इलेक्ट्रिशियन. ताईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला.

पुढे सगळं रीतसर झालं. आधी कान तपासले, ठणठणीत निघाले. वाणीच्या डॉक्टरांनी घरची रेकॉर्डिंग ऐकली. उच्चार, वाक्यं, सगळं वयाला साजेसं. मग बालमानसतज्ज्ञ मॅडम. त्यांनी मुलीला ‘बोल’ असं एकदाही म्हटलं नाही. चित्रांवर बोट ठेवायला लावून तिला किती समजतं ते पाहिलं, इतर मुलांबरोबर खेळायची ओढ आहे का ते पाहिलं. मायलेकींना खेळ देऊन स्वतः बाहेर गेल्या आणि दार किंचित उघडं ठेवून ऐकलं. आईला खोदखोदून विचारलं: कुणाशी बोलते, कुठे बोलते, कुठे कुजबुजते, पाहुणा आला की आवाज कुठे तुटतो. ताईंनाही शाळेचं तसंच विचारलं. आणि मग सांगितलं, “याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. नावावरून वाटतं की ती ठरवून गप्प बसते. तसं नाही. तिला बोलायचं असतं, पण काही ठिकाणी भीतीने गळाच आवळतो. मार, लाड, आग्रह, कशानेही तो सुटत नाही. उलट आवळतो.”

आई रडायला लागली. तिला वाटत होतं आपलंच काही चुकलं. मॅडम म्हणाल्या, चुकलं कुणाचंच नाही, आणि वय लहान आहे तोवर हे बरंच सुटतं. मात्र इलाज दवाखान्यात कमी आणि वर्गात जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: माणूस, नाहीतर जागा, नाहीतर काम. आणि वर्गातलं एक माणूस हवं, रोज थोडा वेळ देणारं, घाई न करणारं.

“मी,” ताई म्हणाल्या. इतक्या जोरात की मॅडम दचकल्या, असं मुलीच्या आईने मला नंतर सांगितलं.

वर्गाच्या रीती ताईंनी दुसऱ्याच दिवशी बदलल्या, त्याही सगळ्यांसाठी, म्हणजे हिच्याकडे कुणी वळून बघणार नाही. हजेरीला बोला, हात वर करा किंवा टेबलावरची घंटी वाजवा, काहीही चालेल. शू लागली की दाराजवळच्या खुंटीवरचं लाल कार्ड घ्यायचं आणि जायचं. चड्डी ओली होणं तिथेच थांबलं. वडिलांनी “वर्गात बोललीस तर सायकल” असं आमिष दाखवलं होतं, ते मागे घ्यायला लावलं. आईला सांगितलं, कुणी हिला काही विचारलं की तुम्ही उत्तर द्यायचं नाही, थोडं थांबायचं. हे आईला सगळ्यात जड गेलं. बिचारी ओठ दाताखाली धरून बसायची.

शाळा सुटल्यावर मायलेकी रिकाम्या वर्गात सोंगट्यांचा खेळ मांडायच्या. आधी दार बंद. मग दार किलकिलं, ताई व्हरांड्यात. मग ताई वर्गात, पण लांबच्या टेबलाशी, पाठ करून वह्या तपासत. खारूताईचा आवाज आधी कुजबुजीएवढा झाला, मग हळूहळू सुटला. आणि एक दिवस ती आईला स्पष्ट म्हणाली, “लबाडी करू नकोस!”

ताई गर्रकन वळल्या. “शाब्बास गं माझी वाघीण!” आणि टाळ्या! प्लायवूडच्या अलीकडे माझ्या हातातला खडू पडला. पलीकडे पोरगी टेबलाखाली गेली. त्यानंतर बरेच दिवस ती त्या खोलीत आईशीसुद्धा बोलली नाही.

त्या संध्याकाळी ताई जेवल्या नाहीत. सतरा वर्षं ज्या शाबासकीने मुलं फुलवली, तिनेच एक मूल मिटलं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मॅडमना फोन लावला तर त्या शांतपणे म्हणाल्या, “बिघडलं काही नाही. पुन्हा दाराबाहेर जा. आणि परत बोलली तर काही घडलंच नाही असं वागा. आपली सोंगटी टाका आणि खेळ पुढे न्या. सगळ्यांच्या नजरा तिच्या आवाजाकडे वळणं, हीच तर तिची भीती.”

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगू! ताई आमच्यावर सराव करायच्या. प्रश्न विचारायचा तर ‘हो-नाही’चा नाही, निवडीचा, म्हणजे मान हलवून भागत नाही. आणि विचारून झालं की गप्प थांबायचं. “चहा की कॉफी?” असं भाऊजींना हळू आवाजात विचारायच्या आणि शांत बघत राहायच्या. भाऊजी घाबरून म्हणायचे, “अगं, माझं काही चुकलं का?” सासूबाईंचं तर वेगळंच दुखणं. “थोरली माझ्याशी बोलत का नाही गं?” मला विचारायच्या. मी मशीन कानात घालून दिलं की म्हणायच्या, “बोलते आहे होय!”

तर ताई पुन्हा व्हरांड्यात, पुन्हा लांबच्या टेबलाशी, मग जवळच्या खुर्चीत. खेळात आल्या तरी प्रश्न नाही. नुसतं आपल्याशी बोलल्यासारखं, “माझी निळी अडकली वाटतं.” एके दिवशी मुलगी पटाकडे बघत म्हणाली, “हिरवी हलवा.” आणि ताईंनी हिरवी हलवली. बस्स, एवढंच. मी भिंतीला कान लावून होते. मला विचाराल तर त्या दिवशी शाळेने त्यांचा सत्कार करायला हवा होता. पण सत्काराला टाळ्या लागतात.

मग आई खिडकीपाशी सरकली, मग व्हरांड्यात, मग घरी. आईच्या जागी मैत्रीण आली, सदैव नाक पुसणारी ‘शेंबडी’. खारूताईला वर्गात तेवढीच एक जवळची. दोघींचं सुरळीत झाल्यावर आणखी एक मूल, मग शाळेच्या वेळेत वाचनाचा कोपरा.

इतक्यात मुख्याध्यापकांनी खोडा घातला. मुलगी तोंडी वाचत नाही, तर पहिलीत कशी घालायची? एक वर्ष बालवर्गातच राहू दे. म्हणजे शेंबडी पुढे, ही मागे, आणि सगळी मुलं नवी! ताईंनी घरचं रेकॉर्डिंग पुढे केलं. सर म्हणाले, “मला प्रत्यक्ष ऐकायचंय. माझ्या खोलीत आणा.”

“सर,” ताई म्हणाल्या, आणि या वेळी भोंगा पूर्ण वाजला, “तुमची खोली, तुम्ही आणि परीक्षा, तिन्ही एकदम? लेकरू दगड होईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, येत नाही! ऐकायचंय ना? मग माझ्या वर्गात या. रोज. पाठ करून बसा आणि पेन्सिलींना टोक करा.”

सर वाईट नाहीत, नियमाचे आहेत. आले. पहिल्या दिवशी दाराशी खुर्ची, मग जरा आत, मग कोपऱ्याजवळ. शाळाभर हसू. पण बालवर्गाच्या पेन्सिली कधी नव्हे त्या टोकदार झाल्या. मुलीचा आवाज पहिले काही दिवस बंद पडला, मग कुजबुजला, मग परत आला.

आणि तो दिवस. कोपऱ्यात शेंबडी आणि ती, मधे चित्रांचं पुस्तक. ताई शेजारी. सर हातभर अंतरावर, पाठमोरे. मी माझ्या वर्गाला चित्र काढायला लावून दारात उभी. मुलगी वाचायला लागली. बारीक आवाज, पण शब्द न् शब्द सुटा. “बदक पाण्यात गेले. पिल्लू काठावर राहिले.” सरांचा हात थांबला आणि पेन्सिल मोडली. मुलीने मान वर केली. ती सरांच्या पाठीकडे बघत म्हणाली, “सर, टोक तुटलं.”

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. सर अर्धे वळले, तोंड उघडलं, आणि ताईंची नजर त्यांच्यावर पडली. “तुटलं खरं,” सर म्हणाले आणि पुन्हा टोक करायला लागले. ताईंच्या मांडीवरचे हात मला दिसत होते. एकाने दुसरा गच्च धरून ठेवला होता. चेहरा अगदी रोजचा. आणि रोजच्याच आवाजात त्या म्हणाल्या, “पुढचं पान.”

मी दारातच रडले. लाज कसली त्यात? शाळेत सगळ्यांत मोठा आवाज जिचा, तिने तो एका पोरीसाठी असा मुठीत धरला होता. माझी जाऊ आहे ती.

जाता जाता सरांनी मला व्हरांड्यात सांगितलं, “पहिलीत घाला. आणि पहिलीच्या बाईंना उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच इथे बसायला पाठवा, पेन्सिली उरल्यात.” काम संपलेलं नाही, हे त्यांनाही कळलं होतं. अख्ख्या वर्गासमोर ती अजून बोलत नव्हती. त्या पायऱ्या पुढे होत्या.

घरी येईपर्यंत ताई रस्ताभर गप्प. चपला काढल्या. भाऊजींनी विचारलं, “काय गं, बोलली का सरांसमोर?”

“बोललीऽऽ!”

खिडकीची तावदानं थरथरली. समोरच्या घरातलं माणूस बाहेर आलं. ताईंनी दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या, साठलेल्या सगळ्या, आणि मग मटकन खाली बसून हसत-रडत राहिल्या. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “कळलं गं, कळलं! मुलगी बोलली!” त्यांचं मशीन माझ्यासमोर टेबलावर पडलेलं होतं.