राहून गेलेल्या तीन तपासण्या

त्याच्या सर्टिफिकेटवर मेंटेनन्स टेक्निशियन असं छापलेलं होतं, पण गल्लीतली सगळी माणसं त्याला वायरमनच म्हणायची. बावीस वर्षं एकाच कारखान्यात मशिनांची दुखणी काढली, तरी शेजारीण हाक मारणार ती, "वायरमन, आमचा गिझर बघता का?" अशी. तो बघायचाही. नाही म्हणायला शिकवणारी शाळा त्याच्या नशिबी नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून तो घरात कुठे बसावं हेच न कळणाऱ्या पाहुण्यासारखा वावरत होता. मग शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्याची जाहिरात आली: तीन पाळ्यांत काम करणारा टेक्निशियन हवा. त्याचं वय सेहेचाळीस. ही संधी गेली, तर पुढच्या जाहिरातीत कोण विचारणार?

अर्ज दोन पानी होता. पहिल्या पानावर नेहमीचाच प्रश्न: तुम्ही शोधून काढलेला एखादा अवघड दोष पायरीपायरीने लिहा. दुसऱ्या पानावरचा प्रश्न मात्र त्याने पाच वेळा वाचला. वीज बंद करून काम करताना तुम्ही काय काय तपासता? तुमची एखादी चूक झाली असेल, तर ती लिहा आणि त्यानंतर काय बदललंत तेही लिहा.

तो प्रश्न वाचल्यावर त्याच्या कानात तोच जुना शब्द वाजला. थांबा.

थांबा हे त्याच्या कामावरच्या जोडीदाराचं टोपणनाव होतं. कुणी मशिनला हात घालायला निघालं की त्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "थांबा." मग चष्मा पुसायचा, मग "आधी बघू." सगळा विभाग त्याची टर उडवायचा. चहाचा कप उचलला तरी "थांबा, आधी टेस्टर लावा" म्हणून ओरडायचे. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. पण शब्दच असला सोपा की टाळणार कसा? बसमध्ये, दवाखान्यात, दुकानात दिवसातून वीस वेळा कुणीतरी कुणाला तरी थांबा म्हणतं, आणि दर वेळी वायरमनचा उजवा हात आपोआप मागे यायचा. एकदा दुकानात सुट्टे पैसे घेताना असा हात मागे गेला आणि नाणी खाली सांडली. दुकानदार म्हणाला, "काय हो, करंट बसला का?" तो हसला होता, पण त्या रात्री जेवला नाही.

रविवारी दुपारी मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. ती एका कंपनीत भरतीचंच काम बघायची, त्यामुळे अर्जाच्या बाबतीत तिचं बोलणं म्हणजे घरात कायदा होता.

"बाबा, 'मी अनुभवी आणि मेहनती आहे' हे काढ. सगळेच लिहितात. तू काय केलंस ते सांग."

पहिलं पान त्याने सांगितलं आणि तिने टाइप केलं. पाकिटं भरणारं मशिन दिवसातून दोनतीनदा आपोआप थांबायचं आणि पडद्यावर काहीच दोष दाखवायचं नाही. आधीच्या लोकांनी दाराचा स्विच दोनदा बदलला होता, तातडीने बंद करायचं लाल बटण एकदा. त्याने आधी मशिनला हातच लावला नाही. चालवणाऱ्या बाईंना विचारलं, कधी थांबतं? त्या म्हणाल्या, कागदाचा रोल संपत आला की. म्हणजे रोल हलका झाला की मशिन जास्त थरथरतं, हा पहिला धागा. मग वायरिंगचा नकाशा काढला. दारांचे स्विच आणि लाल बटणं मिळून आठ संपर्क एका पाठोपाठ एक जोडलेले. त्यातला एक क्षणभर जरी सुटला तरी मशिन बंद. मोटारींची मुख्य वीज बंद करून कुलूप लावलं, चोवीस व्होल्टची नियंत्रणाची वीज तेवढी चालू ठेवली. मीटर साखळीच्या बरोबर मध्यावर लावला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने एकेका डब्यावर टकटक करत गेला. मध्यापर्यंत व्होल्ट हलले नाहीत, म्हणजे अर्धी साखळी निर्दोष. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. असं तीन मोजण्यांत एका जोडणीच्या डब्यापाशी पोचला. आत एका तारेचं आवरण नीट सोललेलंच नव्हतं. स्क्रू तांब्यावर बसायच्या ऐवजी प्लॅस्टिकवर आवळलेला. नुसता टेकल्यासारखा संपर्क, मशिन थरथरलं की सुटायचा.

"आणि मग?"

"तार सोलून पुन्हा आवळली. त्या डब्यातल्या बाकीच्या जोडण्याही ओढून बघितल्या. तीन पाळ्या रोल संपेपर्यंत शेजारी उभा राहिलो. वहीत लिहिलं."

"मस्त. हे वाचून कुणीही बोलावेल," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि त्यालाही जरा बरं वाटलं. आपण काहीतरी होतो, असं तीन महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं.

दुसरं पान. तो सांगू लागला. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून मशिन थांबवायचं. मुख्य स्विच बंद. स्वतःचं कुलूप, स्वतःची चिठ्ठी, किल्ली स्वतःच्या खिशात. चालू करायचं बटण दाबून बघायचं. मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो खरं बोलतोय ना हे बघायचं. मग तिन्ही फेज एकमेकांत मोजायचे, तीन वेळा. मग प्रत्येक फेज आणि अर्थिंग, आणखी तीन वेळा. प्रत्येक फेज आणि अर्थिंग, तीन वेळा. शेवटी मीटर पुन्हा चालू ठिकाणी.

"अर्थिंगच्या त्या तीन वेळा तू दोनदा सांगितल्यास," मुलगी म्हणाली. "एकदा पुरे. आणि चूक लिहायच्या जागी मी लिहिते: बावीस वर्षांत माझ्या हातून एकही अपघात नाही. खरंच आहे ना? त्या थांबाकाकांच्या वेळेला चौकशीत तुझी काहीच चूक निघाली नव्हती."

तो उठून खिडकीशी गेला. मुलीला वाटलं ऊन बघतोय.

"निघाली नव्हती," तो म्हणाला. "कुणी नीट विचारलंच नव्हतं."

मग त्याने सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, तेही पोटच्या पोरीला, तिच्याकडे पाठ करून.

पॅनेलमधला जळका काँटॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा भाग, बदलायचा होता. मुख्य स्विच बंद केला, त्याने आणि थांबाने आपापली कुलपं लावली. बटण दाबलं, मशिन ढिम्म. दोन दिव्यांचा टेस्ट लॅम्प शेजारच्या पॅनेलवर लावून पाहिला, छान पेटला. मग इथे तिन्ही फेज एकमेकांत तपासले. दिवा लागला नाही. अर्थिंगला लावायचा राहिला. सुपरवायझर डोक्यावर उभा होता, माल अडला होता, आणि त्याच्या मनाने पक्कं धरलं होतं की एकमेकांत काही नाही म्हणजे कशातच काही नाही. स्विचच्या आत मात्र एक पातं जुन्या शॉर्टमध्ये चिकटून बसलेलं होतं. मूठ बंदवर आली, दोन फेज तुटले, तिसरा तसाच जिवंत राहिला. एकटा फेज दुसऱ्या मेलेल्या फेजबरोबर दिवा पेटवत नाही. अर्थिंगशी लावला असता तर भक्कन पेटला असता. थांबाचा हात त्याच जिवंत फेजवर पडला.

"अहवालात लिहिलं, स्विच सदोष, तपासणी केली होती. कशाकशात केली, ते नाही लिहिलं. सगळे मला म्हणाले, तू तुझं सगळं केलंस. आणि मी मान हलवली."

मुलगी हलकेच म्हणाली, "हे लिहिलंस तर ते बोलावणार नाहीत कदाचित."

"माहीत आहे."

"मग?"

"माझ्या चुकीबद्दल मला पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारलंय ग. खोटं लिहून तिथे गेलो, तर रोज त्यांच्या पॅनेलसमोर उभा कसा राहू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, वाद घातला नाही आणि टाइप करू लागली. तिने एका सहकाऱ्याचा मृत्यू असे शब्द वापरले. शेवटी तिचं बोट पाठवायच्या बटणाकडे गेलं तेव्हा तो म्हणाला, "आत्ता नको. छापून दे. परक्यांनी वाचायच्या आधी वहिनींनी वाचायला हवं."

थांबाची बायको दोन गल्ल्या सोडून राहायची. कपड्यांची दुरुस्ती करायची. दर वर्षी तो जायचा, तिचा मिक्सर नाहीतर शिलाई मशिनची मोटार बघायचा, आणि चहा न घेता परत यायचा. आज त्याच्या हातात हत्यारांची पिशवी नव्हती, हे तिने दारातच पाहिलं.

"या भाऊजी. काही बिघडलंय का?"

त्याने कागद पुढे केला. तिने हातातला सदरा बाजूला ठेवला, चष्मा लावला. पहिलं पान भरभर वाचलं, दुसऱ्यावर अडकली. तो उभाच. भिंतीवर त्या माणसाचा फोटो होता आणि तिकडे बघायची त्याची छाती झाली नाही. मनात त्याने सगळं ऐकून घेतलं होतं: ती रडेल, कागद फाडेल, माझं घर बुडवलंत म्हणेल. कशालाही तो तयार होता.

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? हात घालण्याआधी सहकाऱ्याने मला विचारले."

"विचारलं होतं त्याने. थांबा म्हणाला, चष्मा पुसला आणि विचारलं, सगळं तपासलंस ना? मी म्हणालो, डेड आहे. घाल हात."

"विचारलं होतं?"

"हो वहिनी."

ती खुर्चीत मागे टेकली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दहाव्याला तुमच्याच कारखान्यातली माणसं माझ्या पाठीमागे कुजबुजत होती. जन्मभर दुसऱ्यांना थांबवलं आणि स्वतः थांबला नाही, म्हणून. अकरा वर्षं मी ह्यांच्यावर चिडून आहे भाऊजी. जेवायला बसले की चिडते. त्या फोटोला म्हणते, एवढी कसली घाई होती तुम्हाला? घरी आम्ही आहोत हे आठवलं नाही?" तिने डोळे पुसले नाहीत. "आणि ह्यांनी विचारलं होतं."

थांबाचं भूत एकट्या आपल्याच मागे लागलंय असं तो समजत होता. इथे या खोलीत रोज एका निर्दोष माणसाला बोल लागत होता आणि तो वर्षातून एकदा येऊन मोटार दुरुस्त करून जात होता. अशी शरम त्याला चौकशीतही वाटली नव्हती.

"मला माफ करा असं म्हणायला मी नाही आलो," तो कसाबसा म्हणाला.

"बरं केलंत. आज तरी मला ते जमणार नाही."

तिने शिवणाच्या डब्यातून पेन काढलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"सहकारी काय लिहिलंत? नाव नव्हतं त्यांना? नाव लिहा. आणि मग पाठवा."

उभ्याउभ्याच, शिवणाच्या टेबलावर वाकून, त्याने सहकारी हा शब्द खोडला. आजवर ज्या माणसाला सगळ्यांनी एका शब्दाने हाक मारली, त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं त्याने सावकाश लिहिलं. तिने ते वाचून पाहिलं, आडनावातला एक काना नीट करायला लावला आणि दार उघडून दिलं.