सत्त्वाच्या डब्यावरची ओळ

'१४ फेब्रुवारी १९२६, रविवार. जव्हार. सकाळी हवेत गारवा, नंतर ऊन कडक. शाळेला सुटी. नऊ ते एक त्र्यंबकशेठच्या दुकानी. डब्यावर छापायची ओळ निवडण्यास वकीलसाहेबही हजर. चार ओळी वाचल्या, चारांवर वाद. मूल हा शब्द पुष्कळदा आला, मूल कोणाच्याच मनात आले नाही. संताप आवरता आवरेना.'

जिजाबाई कर्णिक रोज वही लिहीत. ठाण्याच्या कॉन्व्हेंटात शिकत असताना एका ननने त्यांना ही सवय लावली होती. यजमान दरबारात कारकून होते. ते गेल्यावर मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि बाई जव्हारातच राहिल्या. गावात इंग्रजी जाणणारी बाई त्या एकट्याच, म्हणून लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत, तारा वाचून घेत, आणि काम झाले की त्यांना विसरून जात.

त्र्यंबकशेठचे काम मात्र मोठे होते. जवळच्या पोशेरा गावच्या बायका नागली, म्हणजे नाचणी, भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवून सत्त्व करीत. शेठ ते वर्षानुवर्षे सुटे विकत आला होता. आता मुंबईला पत्र्याच्या डब्यातून पाठवायचे ठरले. डब्यावर एका बाजूला मराठी ओळ, दुसऱ्या बाजूला तिचे इंग्रजी. मुंबईच्या एका जाहिरातवाल्याने चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. त्यांतली एक निवडायची, तिचे भाषांतर बाईंनी करायचे, आणि कागद दुसऱ्या दिवशी छापखान्याकडे जायचा.

बाईंनी वहीचे पान आडवे धरून चार रकाने आखले. मुलींचे निबंध तपासताना त्या असेच आखीत. पहिला रकाना, ऐकताक्षणी समजते का. दुसरा, ओळ काय कबूल करते आणि ते खरे आहे का. तिसरा, जिभेवर बसते का. चौथा वकीलसाहेबांचा, कायद्यात कुठे अडकते.

"परीक्षाच मांडलीत की," शेठ हसला. "नापास कोण होणार, मी का ओळ?"

पहिली ओळ होती, 'जव्हार दरबारच्या कृपाछत्राखाली तयार झालेले अस्सल सत्त्व'. शेठला ती फार आवडली होती. अण्णासाहेब देवधर वकील राज्याच्या कोर्टात आणि ठाण्यालाही उभे राहत. त्यांनी चष्मा पुसत विचारले, की दरबारचा लेखी हुकूम आहे का. शेठ म्हणाला, दिवाळीला वाड्यात सत्त्वाची पिशवी भेट दिली होती, ती कोणी परत केली नाही. परत न करणे म्हणजे छत्र नव्हे, असे म्हणून वकिलांनी चौथ्या रकान्यात फुली मारली.

दुसरी होती, 'पेटंट नागलीसत्त्व, बलवर्धक, रक्तवर्धक, बुद्धिवर्धक'. बाईंनी ती मोठ्याने म्हणून दाखवली. तिसऱ्या वर्धकाला जीभ अडखळली. पेटंट तर नव्हतेच. नसलेले पेटंट मालावर छापणे हा ब्रिटिश मुलखात गुन्हा, आणि डबे तिथेच विकायचे होते. राहता राहिली बुद्धी. ती वाढली की नाही हे मोजायचे कसे, असे बाईंनी विचारले तेव्हा वकील म्हणाले, की शेठनेच महिनाभर खाऊन पाहावे. शेठलाही हसू आले. तीही ओळ गेली.

तिसरी, 'जव्हारच्या डोंगराची नागली, बाळाची तब्येत चांगली'. हिला ताल होता, समजायलाही सोपी. पण वकिलांनी शेठकडे रोखून पाहिले. माल कुठला हे डब्यावर खोटे लिहिले, तर मालाचे खोटे वर्णन म्हणून खटला होतो. सगळी नागली इथलीच आहे का? शेठने मान खाजवली. मागणी वाढली तर नाशिककडची मिसळावी लागेल, असे त्याने कबूल केले. मग जव्हारचे नाव घालता येणार नव्हते, आणि त्या नावाशिवाय ओळीत राम उरत नव्हता.

आता चौथी. शेठने कागद हातात घेतला आणि कीर्तनकारासारखा सूर लावून वाचले.

"आईचे दूध आटले, नागलीसत्त्व भेटले."

ओळ चांगली होती, हे बाईंनाही नाकारता येईना. पाच शब्द, पोरालाही पाठ व्हावेत असे. पहिल्या रकान्यात बरोबर, तिसऱ्या रकान्यात बरोबर. दुसऱ्या रकान्यावर आल्यावर त्यांचे बोट थांबले.

गेल्या आषाढात त्यांच्या शेजारच्या रामीला मुलगा झाला होता. अडीच महिन्यांचा असताना तिचे दूध तुटले. ह्याच दुकानातून तिने सत्त्व नेले आणि पोराला दुसरे काही न देता तेच पाजले. बाईंनी रोज जाऊन पाहिले होते, वहीत रोज लिहिले होते. पोट फुगले, मग रडणे बारीक झाले. एकोणिसाव्या दिवशी मूल गेले. हे सगळे त्यांनी त्या दोघांना सांगितले, तारखेसकट.

शेठने ऐकून घेतले. दुकानातून नेलेल्या वस्तूचे लोक घरी काय करतात हे मी पाहायला जाऊ का, असे त्याचे म्हणणे पडले. शिवाय ओळीत खोटे काय आहे? आईचे दूध आटते, हे खरे. सत्त्व दुकानात भेटते, हेही खरे.

"दोन्ही तुकडे खरे आहेत," बाई म्हणाल्या, "आणि जोडले की खोटे होतात. ऐकणारी ऐकते ते तुकडे नव्हेत, शेठ. तिला ऐकू येतं, की दुधाच्या जागी हे चालतं."

त्यांनी वकिलांकडे पाहिले. इथे तरी चौथा रकाना कामी येईल अशी त्यांची आशा होती. अण्णासाहेबांनी सावकाश सांगितले, की कायदा विचारतो डब्यात काय आहे, किती आहे, कुठे आणि कसे केले आहे. सत्त्व नागलीचे आहे, वजन बरोबर आहे, झाले. ओळीत दुधाची बरोबरी केलेली नाही. चारांमध्ये कायद्याच्या दृष्टीने हीच सर्वांत निर्धोक.

बाईंचे कान तापले. ज्या ओळीत वाड्याचे फुकट नाव होते ती धोक्याची, ज्या ओळीत नाशिकची नागली लपली होती ती धोक्याची, आणि जिच्यापायी तान्ही मुले मरतील ती निर्धोक! "म्हणजे दरबाराची अब्रू सांभाळायला कायदा आहे, नागलीच्या गावाची अब्रू सांभाळायला कायदा आहे. पोराला कोणी नाही?"

"पोर वेगळ्या कलमात येतं, बाई. मेल्यावर," वकील म्हणाले, आणि बोलून झाल्यावर ओशाळून डबीतली तपकीर शोधू लागले.

शेठने मग जे म्हटले ते बाईंनी पुढे वर्षानुवर्षे शब्दशः सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही शाळामास्तरीण, तुम्हाला फुल्या मारायची सवय. इंग्रजी करून द्या म्हणजे झालं."

दुकानाच्या ओट्यावर पोशेऱ्याच्या बायका सत्त्वाची गाठोडी घेऊन बसल्या होत्या. सत्त्व करणाऱ्यांत गौराबाई सर्वांत जुनी. बाकीच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. तिच्याशेजारी तिची सून फागी, मांडीवर दोन महिन्यांचे मूल. बाई उठून दारात गेल्या. इतका वेळ चार ओळी कागदावर जोखल्या, ज्यांच्या कानावर त्या पडणार त्यांना कोणी विचारलेच नाही, हे त्यांना आत्ता सुचले आणि स्वतःचाही राग आला.

त्यांनी चौथी ओळ फागीला म्हणून दाखवली. एवढेच विचारले, की हे ऐकून तू काय करशील.

फागीने ओळ ओठांत पुन्हा म्हटली. मग मांडीवरच्या पोराकडे पाहत म्हणाली, "मंग याला आजपासून घालू का? माजा दूद कमीच येत."

शेठ आतून ऐकत होता. त्याचा चेहरा पडला. पण बोलली ती गौराबाई.

"कोन सांगला तुला?" ती सुनेवर खेकसली. "दात नाय तं घास नाय. दूद आटला तं शेळी बांदायची, नायतं दुसरी बाई पाजंल. ह्या काय तान्ह्याचा खाना हाय?" मग ती उंबऱ्याशी आली. "शेठ, डब्यावर ह्या लिवनार?"

शेठ म्हणाला, की तुझ्याच सत्त्वाचे कौतुक आहे, चार लोकांत नाव होईल.

"पोर मेल्यावर लोक तुमाला नाय शिव्या देनार. सत्त्वाला देनार. सत्त्व आमचा हाय."

एवढे बोलून तिने आपले गाठोडे उचलून डोक्यावर ठेवले. फागीने पोराला झोळीत घातले. बाकीच्या बायकांनी काही न विचारता आपापली गाठोडी उचलली. गौराबाईचा एक पाय ओट्याखाली उतरला होता.

जिजाबाईंच्या डोक्यात तिचेच शब्द घुमत होते. दात नाही तर घास नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि चार ओळींच्या खाली पाचवी लिहिली: 'पहिला दात, पहिला घास.' आणि आपल्या ओळीलाही त्यांनी सूट दिली नाही, चारही रकान्यांतून नेली. फागीला विचारले, ती म्हणाली, "दात दिसला का घालायचा." समजली. कबूल काय करते? बळ नाही, बुद्धी नाही, फक्त वेळ सांगते, आणि ती वेळ डोंगरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या. वकिलांनी मांडीवर थाप मारत ओळ दोनदा म्हटली. ठेका चुकला नाही. कायद्याला हिच्यात धरायला काही नाही, असेही त्यांनी सांगितले.

शेठ शेवटपर्यंत कुरकुरत होता. दात यायला सहा-सात महिने लागतात, तेवढी गिऱ्हाइके ही ओळ हाकलून देते. शिवाय डब्यावर दात! लोकांना वाटेल दंतमंजन आहे. ह्यावर बाईंनी ओळीखाली मोठ्या अक्षरात 'नागलीसत्त्व' घातले, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'दात येण्यापूर्वी मुलास देऊ नये.'

"खाली उतरलीच बघा गौराबाई," वकील ओट्याकडे पाहत म्हणाले.

शेठने ओट्याकडे पाहिले. गाठोडी गेली तर नुसते पत्र्याचे रिकामे डबे उरत होते. "थांब गं गौराबाई," तो म्हणाला, "तुझीच ओळ घेतली." गौराबाई परत वर आली, पण तिने गाठोडे लगेच उतरवले नाही. आधी बाईंना ते लिहिलेले वाचायला लावले, एकदा नव्हे, दोनदा. खालच्या बारीक ओळीवर तिने बोट ठेवून पाहिले, जणू अक्षरे उष्ण आहेत की थंड ते बघते आहे.

डबे त्याच ओळीने निघाले. पुढे शेठ सगळ्यांना सांगे, की ओळ आपल्याला पहाटे स्फुरली. बाईंनी त्याला कधी खोटे पाडले नाही. त्यांना दुखत होते ते वेगळेच. रामीच्या मुलाच्या एकोणीस दिवसांच्या तारखा त्यांनी त्या खोलीत वाचून दाखवल्या, तेव्हा कागदावरची ओळ तसूभर हलली नव्हती. हलली ती गाठोडी उचलल्यावर. कित्येक वर्षांनंतरही ही गोष्ट सांगताना ह्या ठिकाणी त्यांचा आवाज चढे आणि समोरच्याच्या हातातला चहा निवे.

त्या संध्याकाळी त्यांनी इंग्रजी भाषांतर पुरे केले, कागद पाकिटात घातला आणि वही उघडली. दिवसभराचे लिहून झाल्यावर खाली नेहमीसारखी घरकामाची एक ओळ घातली:

'पाटा फार झिजला आहे, वाटण बारीक होत नाही. टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करणारीला बुधवारी बोलावले.'