धृतीच्या बारशाला आलेली बाई

माझ्या धाकट्या भावाच्या पहिल्या मुलाचं बारसं झालं तेव्हा नाव मीच ठेवलं होतं. आयुष. आत्याचा मान म्हणून कानात नाव सांगितलं आणि मराठीची शिक्षिका म्हणून चार शब्दही बोलले, की हे नावच दीर्घायुष्याचं आहे, ते या घराला लाभो. महिना उलटायच्या आत ते लेकरू गेलं. कोणीतरी मागून म्हणालं, “आत्याची जीभच काळी.” त्या दिवसापासून मी देवापुढं निरांजन लावलं नाही. माझ्या तोंडून निघालेला आशीर्वाद जिथं उलटा फिरला, तिथं हात जोडून मागायचं तरी काय?

पुढं भावाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. जिंतूरहून एसटीनं मी सोनपेठला पोचले तेव्हा पाळणा सजला होता, खाली रांगोळी होती, चुलीवर हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजत होत्या. आईनं मला बाजूला घेतलं.

“धोंडी म्हण कानात. दगडाला कोण नेतंय? लेकरू राहाया पाह्यजे, नाव काय चाटायचंय?”

खोलीत बाळंतीण भावजय वाट पाहत होती. तिनं माझा हात धरला. “अक्का, मला धृती ठेवायचंय. मी कुणालाच सांगितलं न्हाई, यांना पण न्हाई. आणि अर्थ तुमीच सांगा सगळ्यांना, मागच्यासारखं.”

‘मागच्यासारखं’ हा शब्द मला सुरीसारखा लागला. मी नाही म्हणाले. तिनं हात सोडला नाही.

दुपारी बायका जमल्या. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायची रीत. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या,” म्हणत मी तो खालून सरकवला. पलीकडून एका बाईनं घेतला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. भर उन्हाळ्यात ती बर्फासारखी गार होती. मी वर पाहिलं. हिरवं लुगडं, काठ ओले, अंगाला नदीकाठच्या चिखलाचा वास. चेहरा ओळखीचा नव्हता. भावजयीच्या माहेरची असेल, असं मला वाटलं.

मग बाळाला पाळण्यात ठेवलं. विड्याचं पान कानाशी धरून मी वाकले आणि तोंडून नाव निघेना. धोंडी म्हणू की धृती? कुठलं नाव हिला नेणार नाही? पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या. बाळ रडत नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी टक लावून पाहत होतं. एवढ्याशा डोळ्यांची नजर इतकी स्थिर मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात पाळण्यापलीकडून ती बाई हळूच म्हणाली, “धृतीच हाय नव्हं? देऊन टाक, बाई. नाव देणं तुझं. ठिवणं तुझं न्हाई.”

ते नाव भावजयीनं माझ्याखेरीज कुणापुढं उच्चारलंच नव्हतं. मी बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं. पाठीवर धपाटे बसले. मी उभी राहिले आणि बोलू लागले. शब्द मी जुळवले नव्हते.

“धृती, ये. तुझ्या नावाचा अर्थ धीर, धरून ठेवणं. पण आम्हाला धरून ठेवायचं ओझं तुझ्यावर नाही. आधी आम्ही तुला धरू. तुझ्या आईनं रडून-रडून राखलेला धीर आज तिला नाव होऊन परत मिळाला. तुझ्या बापाच्या हाताला बळ येवो. तुझ्या भावाची आठवण या घरात भिऊन नाही, मायेनं निघो. जितके दिवस तुझे, तितके सगळे उजळ जावोत.”

आईनं पदर तोंडाला लावला. मग पाळण्याची दोरी ओढत पुटपुटली, “धृती... धृतीबाई, निज गं.”

घुगऱ्या वाटताना मी त्या बाईला शोधलं. माहेरच्यांना ती आमच्याकडची वाटली होती. गल्लीतल्या बायकांनी तिला पाहिलंच नव्हतं. भावजयीला विचारलं, तेव्हा ती माझ्याकडं बघतच राहिली. “अक्का, ‘ठिवणं तुझं न्हाई’ असं तुमीच म्हणालात की. तुमचाच आवाज होता.” पाळण्याच्या पलीकडं रांगोळी विस्कटली नव्हती. फरशीवर मात्र दोन ओली पावलं होती, आत येणारी. जाणारी नव्हती.

ती कोण होती, हे मी कुणाला विचारत नाही. आई म्हणते, गंगामाय, म्हणजे आमची गोदावरी. असेल. धृती आता अंगणवाडीत जाते, लय बोलते. तिला ताप आला की जीव आजही थरथरतो. ती भीती गेली नाही. पण संध्याकाळी निरांजन लावते तेव्हा मी तिचं आयुष्य मागत बसत नाही. तिचं नाव घेते, आयुषचंही घेते, आणि दोघांनाही ज्याची आहेत त्याच्या ओंजळीत ठेवते. हात रिकामे होतात, तेव्हाच ते नीट जोडले जातात.